दुसऱ्याचा कमी भाव दाखवून खोकीवाल्याकडून कोटेशन सुधारून घ्यायचं आहे, कसं लिहू?

कातळावरचा

मंडळी, देवगडच्या बाजूला आमची हापूसची कलमं आहेत. मी आणि मेहुणा मिळून माल थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतो, थोडा वाशीलाही जातो. या हंगामाला दोन डझनी पुठ्ठ्याचे ४००० बॉक्स लागतील. गेली तीन वर्षं कोल्हापूरकडच्या एकाच कारखान्यातून घेतोय. यंदा त्याने ४२ रुपये नग लावलेत. पाच प्लाय, छपाई दोन रंगांत, माल आमच्या मांगरापर्यंत पोच.

मेहुण्याने गुजरात सीमेकडच्या एका कारखान्याचं कोटेशन आणलंय, त्याचा भाव ३६.५०. तेही पाच प्लाय, माप तेच. दोन्ही भाव जीएसटी सोडून. नगामागे साडेपाच रुपये, म्हणजे ४००० नगांचे २२,००० होतात. आंबेवाल्याला २२,००० म्हणजे फवारणीची एक फेरी.

जुना माणूस सोडायचा नाही, पण भाव उतरवायचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला हे लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही:

"नमस्कार. आम्हाला दुसरीकडे हाच बॉक्स ३६.५० ला मिळतो आहे. तुम्ही ३६ ला दिलात तरच ऑर्डर तुम्हाला, नाहीतर आम्हाला विचार करावा लागेल. आजच कळवा."

बरोबर आहे का? मेहुणा म्हणतो दुसऱ्याचं कोटेशनही जोडून पाठव.

नंदिनी_के

मी एका कंपनीत खरेदी विभागात आहे. आमच्याकडे तीन कोटेशन घेतल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. मेहुण्यांचं म्हणणं मला पटतं. पीडीएफ लेटरहेडसकट जोडा, म्हणजे समोरच्याला कळतं की तुम्ही हवेत बोलत नाही. वर एकच ओळ लिहा, "कृपया हा दर जुळवावा." जास्त लिहिलं की भाव करायला जागा मिळते. तेवढं ते "आजच कळवा" काढून टाका, त्याने घाई दिसते.

बंड्या_नाना

दोन डझनी ४२ रुपये नग? इतका स्वस्त हापूस कुठे मिळतोय? डोंबिवलीला पोच कराल का? मला चार पेट्या हव्यात.

कातळावरचा

नाना, ४२ रुपये रिकाम्या खोक्याचे. आंबे अजून मोहोरात आहेत.

पुठ्ठेवाला

खोकी बनवण्यात माझी १९ वर्षं गेली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बोलतो. तुमचा मेसेज मला आला असता तर मी एका ओळीत उत्तर दिलं असतं, "घ्या साहेब तिकडून." राग आला म्हणून नव्हे. "हाच बॉक्स" या शब्दावर माझा विश्वास बसला नसता म्हणून.

पाच प्लाय म्हणजे कागदाचे पाच थर, तीन सपाट आणि दोन नागमोडी. पण थर पाच आहेत एवढ्याने काहीच कळत नाही. प्रत्येक थराचा कागद किती जाड, तो कितपत मजबूत, यावर भाव ठरतो. खोक्याच्या खर्चात निम्म्याहून बराच जास्त वाटा कागदाचा असतो. एवढं सगळं सारखं असताना कोणी साडेपाच रुपये खाली उतरत असेल तर बहुतेक वेळा कागद कमी केलेला असतो.

दोन्ही कोटेशनमध्ये जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि बीएफ, म्हणजे दाब दिल्यावर न फाटण्याची कागदाची ताकद, काय लिहिलेत? आणि दोन्हीचे नमुने हातात आहेत का? असतील तर घरच्या काट्यावर तोला आणि इथे वजन लिहा. पण आधी दोन्ही खोकी दोन दिवस एकाच खोलीत उघडी ठेवा. ओला कागद जड भरतो, आणि ताज्या खोक्यात खळीचं पाणीही असतं.

शिल्पा_फराळ

माझाही हाच प्रश्न! मी दिवाळीला फराळाचे डबे विकते, पातळ पुठ्ठ्याचे छापील, ६०० नग. छापखानावाला म्हणतो १००० घेतलेत तर नगाचा भाव जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरेल. मी दुसऱ्याचा कमी भाव सांगितला तर तो म्हणाला त्याच्याकडे प्लेट तयार असेल. म्हणजे काय?

पुठ्ठेवाला

शिल्पाताई, तुमच्या कामात छपाईची प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च ६०० नगांवर वाटला जातो, म्हणून नग वाढले की भाव पडतो. ऑफसेटचं गणितच वेगळं. पन्हाळी खोक्यात तो खर्च थोडा आणि कागदाचा खर्च फार. तुमचा वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. इथे गुंता होईल.

कातळावरचा

कोल्हापूरवाल्याने लिहिलंय, "५ प्लाय, सर्व थर १५० जीएसएम, १८ बीएफ". दुसऱ्याने फक्त "५ प्लाय, १४० जीएसएम". म्हणजे १० जीएसएमचाच फरक ना? त्याने साडेपाच रुपये कसे पडतील?

नमुने आहेत. आत्ता पडवीत ठेवलेत, परवा तोलतो.

जुना_खरेदीदार

साखर कारखान्यात खरेदीत हयात गेली. पोती, चुना, गंधक, सगळं घेतलं. एक सांगतो, ऐका किंवा सोडून द्या. आकडा आपण आधी सांगायचा नाही. नुसतं म्हणायचं, "तुमचा भाव बाजारापेक्षा चढा दिसतो, फेरविचार करा." मग गप्प बसायचं. समोरचा आपणहून खाली येतो. ३६.५० सांगितलंत की तो ३६.४० ला थांबेल. न सांगता कदाचित ३५ लाही आला असता.

आणि दुसरा भाव नसला तरी आहे असं म्हणायला काय जातं?

पुठ्ठेवाला

काका, पोत्याला ते चालत असेल, पण खोक्यात नसलेला भाव सांगणं लगेच उघडं पडतं. गिरणीचा कागद किलोला किती चाललाय हे आम्हा सगळ्यांना रोजचं माहीत असतं. माप आणि जीएसएम सांगितलंत की मी मनात दोन मिनिटांत वजन काढतो. एका गिऱ्हाइकाने मला जो भाव सांगितला होता, त्यात कागदसुद्धा येत नव्हता. मी फक्त विचारलं, "कोणत्या कागदात?" तो अडखळला. पुढे तो खरं बोलला तरी मला खरं वाटेना.

"फेरविचार करा" एवढंच लिहिलं तर आम्ही काय करतो तेही सांगून टाकतो. रुपया-दीड रुपया कमी करतो आणि आतल्या नागमोडी थराला १५० ऐवजी १२० चा कागद लावतो. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश. सगळे असं करत नाहीत, पण मोघम मागितलं की मोघमच मिळतं.

माझं मत, आकडा सांगा. पण आकड्याबरोबर माल कोणता तेही सांगा, आणि दुसऱ्याचं नाव झाकून ठेवा.

नंदिनी_के

नाव का झाकायचं? आमच्याकडे तर सर्रास दाखवतात.

पुठ्ठेवाला

ताई, तुम्ही ज्याचा कागद फिरवलात त्याला आठवड्यात कळतं, धंदा लहान आहे. पुढच्या खेपेला तो तुम्हाला खरा भाव देणार नाही, कारण त्याला ठाऊक असतं की आपलं कोटेशन फक्त दुसऱ्याला दाबायला वापरलं जातं. मोठ्या कंपनीला ते परवडतं, तिच्या दारात रांग असते. ४००० खोक्यांच्या बागायतदाराला तीन वर्षांनी पुन्हा त्याच दारात जावं लागेल.

नंदिनी_के

हं. हे आमच्याकडे झालेलं आहे खरं. एकजण आता कोटेशन द्यायला सरळ नाही म्हणतो. त्याचं कारण मी दुसरंच समजत होते. तरी "दर जुळवा" ही मागणी चुकीची आहे असं मला अजून वाटत नाही.

कातळावरचा

तोलले. कोल्हापूरचा ६०५ ग्रॅम, दुसरा ५०० ग्रॅम. आतलं माप दोन्हींचं ३९० बाय २९० बाय १८० मिमी, टेपने मोजून बघितलं.

१०० ग्रॅमचा फरक! मेहुणा म्हणतो काटा बिघडलाय. मग एक किलो साखरेची पुडी ठेवून दाखवली.

पुठ्ठेवाला

काटा बरोबर आहे. आता हिशोब बघा. तुमच्या खोक्याला साधारण १४०० बाय ४८० मिमीची शीट लागते, म्हणजे ०.६७२ चौरस मीटर. सपाट थर तीन, प्रत्येकी १५०, झाले ४५०. नागमोडी थर दोन, पण लाटांमुळे त्यांना लांबीच्या साधारण १.४ पट कागद लागतो, म्हणून १५० चे २१०, दोनांचे ४२०. एकूण ८७०. त्याला ०.६७२ ने गुणा, ५८५ ग्रॅम येतात. वर खळ धरली की ६०५. म्हणजे तुमचा जुना माणूस कागदावर लिहितो तेच देतो.

दुसऱ्याच्या खोक्यात सगळे थर १४० चे असते तर खळ धरून वजन ५६५ च्या आसपास भरलं असतं. ५०० भरतंय, तेव्हा १४० फक्त बाहेरच्या थराला असणार. कोटेशनमध्ये "सर्व थर" हे दोन शब्द नाहीत ना? म्हणजे तो खोटंही बोललेला नाही.

खात्री करायची असेल तर दुसऱ्याच्या खोक्याच्या सपाट बाजूचा एक तुकडा कापा आणि बादलीत तास-दोन तास भिजत घाला. खळ सुटते आणि पाचही थर अलगद वेगळे होतात. सावलीत पूर्ण वाळवा, नागमोडी थर हाताने सरळ करा आणि प्रत्येकाचा बरोबर १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापून सोनाराच्या काट्यावर तोला. दीड ग्रॅम भरला तर तो १५० जीएसएम, १.२ भरला तर १२०. घरच्या काट्याला एवढं बारीक कळत नाही. बीएफ मात्र यातून कळणार नाही, त्याला मशीन लागतं. तो कारखान्याकडून टेस्ट रिपोर्टवर लिहून घ्यायचा.

बंड्या_नाना

आंब्याचं राहू द्या, ही बादलीची गंमत वाचायला मजा येतेय.

कातळावरचा

देवगडात सोनार ओळखीचा आहे. त्याने आधी चेष्टा केली, पुठ्ठा गहाण ठेवायला आलास का म्हणून. मग तोलून दिलं. बाहेरचा १.४१, मधला १.२०, आतला १.१९, नागमोडी दोन्ही १.२ च्या आसपास.

म्हणजे पुठ्ठेवाले बोलले तसंच. आणखी एक लक्षात आलं. दुसऱ्याचा भाव कारखान्यातून उचलण्याचा आहे, टेम्पो आमचा. इथवरचं भाडं ९००० सांगितलंय, नगाला सव्वादोन रुपये. म्हणजे ३६.५० चे झाले ३८.७५.

पुठ्ठेवाला

आता किलोचा भाव काढा. कोल्हापूरचा ४२ भागिले ०.६०५, म्हणजे किलोला सुमारे ६९.४० रुपये, पोच. दुसऱ्याचा ३८.७५ भागिले ०.५००, म्हणजे ७७.५०. तुम्ही ज्याला स्वस्त म्हणत होता तो किलोला आठ रुपये महाग आहे.

याचा अर्थ कोल्हापूरवाल्याकडे भाव मागायला जागाच नाही असा नाही. फक्त "३६ ला दे" ही मागणी बसत नाही.

जुना_खरेदीदार

किलोचा भाव ठीक आहे, पण त्यांना किलो विकायचेत की आंबे? ५०० ग्रॅमच्या खोक्यात आंबा सुखरूप पोचत असेल तर जादा १०० ग्रॅम कागद कशाला विकत घ्यायचा? कारखान्यात आम्ही गरजेपेक्षा जाड पोतं कधी घेतलं नाही.

पुठ्ठेवाला

काका, हे शंभर टक्के बरोबर बोललात, आणि खरा प्रश्न तोच आहे. खोकं कुठे जाणार आणि त्यावर किती रचणार? दोन डझन हापूस खोक्यासकट साडेसहा किलोच्या घरात धरा. ट्रकात दहाची रचाई असेल तर सगळ्यात खालच्या खोक्यावर नऊ खोक्यांचं, म्हणजे अठ्ठावन्न-एक किलो वजन घाटातून हिसके खात बसतं. त्यात आंबा पिकताना पाणी सोडतो आणि हवेच्या भोकांनी भिंत आधीच कमजोर झालेली असते. पुठ्ठा दमट झाला की त्याची ताकद झपाट्याने पडते. कोरड्या फेब्रुवारीत उभं राहिलेलं खोकं मेच्या शेवटी बसतं.

वाशीच्या ट्रकाला मी १५० च सांगेन. पुण्याला चार-पाच थरांत टेम्पोने घरपोच जाणाऱ्या मालाला हलकं खोकंही चालेल, पण आधी वीस खोकी पाठवून बघा.

कातळावरचा

आमचं निम्मं-निम्मं आहे. वाशीला दहाची रचाई होते, कधी हमाल अकरावाही चढवतात.

मग मेसेज काय लिहू?

पुठ्ठेवाला

मी गिऱ्हाईक असतो तर असं लिहिलं असतं. नावं-गावं तुम्ही बदला:

"नमस्कार दादा. यंदाचं कोटेशन मिळालं, ४००० नग, ४२ रुपये पोच, सर्व थर १५० जीएसएम. आम्हाला एका दुसऱ्या कारखान्याचा ३६.५० चा भाव आहे. भाडं धरून तो ३८.७५ पडतो. त्याचा कागद तुमच्यापेक्षा हलका आहे, नमुना तोलून बघितला, म्हणून तो भाव तुम्ही तसाच जुळवावा असं म्हणत नाही. पण फरक दिसतो आहे तेव्हा दोन भाव सुधारून द्या. एक, माल आहे तोच ठेवून, आम्ही निम्मी रक्कम आगाऊ दिली आणि सगळे ४००० एकाच वेळी काढले तर काय लावाल? दुसरा, सपाट थर १५० आणि नागमोडी थर १२० केले तर काय? छपाईचे ब्लॉक गेल्या वर्षीचेच आहेत, त्याचे पैसे यंदा धरू नयेत. मापात थोडा फेर केल्याने कागद वाचत असेल तर तेही सांगा. शनिवारपर्यंत कळवलंत तर सोमवारी ऑर्डर देतो."

आगाऊ रकमेचं का लिहिलं ते सांगतो. गिरणी आम्हाला कागद फार दिवस उधार देत नाही आणि तुम्ही पैसे देता हंगाम संपल्यावर. मधल्या महिन्यांचं व्याज आम्ही भावात धरतो, बोलत नाही एवढंच. ते काढून घेतलंत तर भाव कमी करायला आम्हाला खरोखर जागा होते. नुसत्या "कमी करा"ला ती नसते.

मापाचं असं, की कागदाचं रीळ ठराविक रुंदीचं येतं. शीट त्यात नीट बसली नाही तर कडेची पट्टी रद्दीत जाते, आणि ती पट्टीही तुमच्याच भावात असते.

नंदिनी_के

हा मेसेज माझ्या साहेबांना दाखवला. "लांब आहे" म्हणाले. पण "नमुना तोलून बघितला" ही ओळ त्यांना आवडली. समोरच्याला कळतं की माणूस बघून घेणारा आहे.

कातळावरचा

काल पाठवला, थोडा माझ्या भाषेत करून. तासाभरात फोन. आधी जरा फणकाऱ्यात होता, "कोणी दिला हा भाव?" म्हणून तीनदा विचारलं. सांगितलं नाही. मग वजनं सांगितली तर हसला. म्हणाला, "एवढं तोलून विचारणारा तू पहिलाच." मग बोलणं सुरळीत झालं.

झालं ते असं. आहे त्याच मालाला ४०.५०, निम्मे आगाऊ आणि एकाच फेरीत सगळे नग. नागमोडी १२० केलं तर ३९. ब्लॉकचे पैसे यंदा धरलेलेच नव्हते म्हणे, ते खरं की खोटं देव जाणे. मापाचं विचारल्यावर म्हणाला, उंची दहा मिमी कमी करा, मग आणखी पाऊण रुपया सोडतो.

उंचीला नाही म्हटलं. आमचा आंबा थोराड असतो. १७० मिमीत वरच्या थराला झाकण टेकतं आणि मग रचाईचं वजन खोक्याऐवजी आंब्यावर येतं. एक वर्ष हे भोगलंय, वाशीला निम्म्या पेट्या डागी निघाल्या होत्या.

दुसऱ्यालाही विचारलं, सर्व थर १५० चे केले तर काय. त्याने ४३ लावले, भाडं वेगळं.

पुठ्ठेवाला

४०.५० रास्त आहे. ६०५ ग्रॅमला किलोचे ६७ पडतात. ऑर्डरवर "सर्व थर १५० जीएसएम, १८ बीएफ, नगाचं वजन ५९० ग्रॅमपेक्षा कमी चालणार नाही" हे लिहाच. आणि माल उतरताना वेगवेगळ्या गठ्ठ्यांतली दहा खोकी काढून एकत्र तोला, सहा किलोच्या आसपास भरली पाहिजेत. आगाऊ पैसे दिल्यावर पुढचा माणूस सैल पडतो, मीही पडलोय कधीतरी.

जुना_खरेदीदार

६००० वाचले, म्हणजे २२,००० नव्हे. आकडा आधी सांगितलात त्याचा परिणाम.

कातळावरचा

काका, २२,००० चा माल कधी नव्हताच हो. पण तुमचा मुद्दा मेहुण्याने उचललाय. तो म्हणतो पुण्याच्या २००० ला ३९ वाला बॉक्स घेऊ, १५० वाला फक्त वाशीला. कोल्हापूरवाला म्हणतो दोन प्रकार केले तर एका फेरीचा भाव राहणार नाही, प्रत्येकी आठ आणे चढतील. म्हणजे ४१ आणि ३९.५०. सरासरी ४०.२५, सगळे एकाच प्रकारचे घेतले तर ४०.५०. चार आण्यांसाठी पॅकिंगला बसलेल्या बायकांचा गोंधळ करायचा का, यावर रात्री जेवताना भांडण झालं. वीस हलके नमुने मागवलेत. पहिला तोडा निघाला की पुण्याला पाठवून बघतो.

शिल्पा_फराळ

पुठ्ठेवाले, मी वेगळा धागा काढलाय. बादली लागेल का?

पुठ्ठेवाला

नाही ताई, तुम्हाला मोजपट्टी पुरेल. येतो तिकडे.

बंड्या_नाना

तोडा कधी निघेल? चार पेट्या लक्षात ठेवा, जाड खोक्यात.